बेसमेंटचा रॅम्प आणि गाडीचं पोट : मापाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

कामाची सुरुवात. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमधून वर येताना गेटपाशी गाड्या खाली घासतात, हे पाचेक वर्षांपासूनचं आहे, म्हणजे बाहेरचा रस्ता उंच झाला आणि पावसाचं पाणी आत यायला लागलं म्हणून गेटच्या तोंडाशी सिमेंटचा उंचवटा केला तेव्हापासून. मीटिंगमध्ये दर वेळी दोनच मतं निघतात. एक म्हणजे उंचवटा फोडून टाका, दुसरं म्हणजे ज्यांना घासतं त्यांनी उंच गाडी घ्यावी. पहिल्याने पाणी आत येणार, दुसरं तर काही उत्तरच नाही. कमिटीने मला सांगितलंय की तुम्ही मापं काढून कागदावर मांडा मग खर्चाचं बघू. म्हणून ही वही.

आज फक्त खुणा बघितल्या. हे सगळ्यात आधी करायचं कारण घासण्याचे तीन वेगळे प्रकार असतात आणि तिन्हीचा इलाज वेगळा. पुढच्या बंपरची खालची कड घासली तर तो अॅप्रोच अँगलचा प्रश्न, म्हणजे चाक चढाला लागायच्या आधी नाकच चढाला लागलं. मागचा बंपर किंवा सायलेन्सरचं टोक घासलं तर डिपार्चर अँगल. आणि पुढचं चाक पलीकडे गेलंय, मागचं अजून अलीकडे आहे आणि मधलं पोट टेकलं तर तो ब्रेकओव्हर अँगल, ज्याला रॅम्प अँगल पण म्हणतात.

टॉर्च घेऊन रॅम्प बघितला. खालच्या तोंडाशी, जिथे सपाट फरशी संपून चढ सुरू होतो, तिथे ओरखडे जवळपास नाहीत. वर गेटच्या उंचवट्यावर मात्र चकाकणारे लांब चरे आणि काळे पट्टे, सगळे उंचवट्याच्या माथ्याच्या आसपास हात-दीड हातात. आमच्या सेडानच्या खाली आडवा होऊन बघितलं तर बंपरची कड साफ आणि मधल्या एक्झॉस्ट पाइपच्या जोडावर ताजे चरे. म्हणजे सगळे जण "नाक लागतं, नाक लागतं" म्हणतात ते इथे लागू नाही, इथे पोट लागतंय.

१७ नोव्हेंबर

रॅम्पचा आकार मोजला. मिस्त्रींना बोलावलं होतं, त्यांची पाण्याची नळी म्हणजे साधा पारदर्शक पाइप, पण लेव्हल काढायला याच्याइतकं खात्रीचं काही नाही. फोनच्या अँगलवाल्या अॅपनेही बघितलं पण खडबडीत सिमेंटवर फोन ठेवला की एक-दोन अंश इकडेतिकडे होतात, म्हणून फोनखाली दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी ठेवावी लागते, नुसता फोन ठेवून आलेला आकडा धरू नये.

माथ्याला शून्य धरलं आणि दर पाव मीटरला खाली किती उतरलं ते लिहीत गेलो. मुख्य रॅम्प सात मीटरला एक मीटर चढतो, म्हणजे साधारण ८ अंश, त्यात काही वावगं नाही. पण माथ्याच्या आधीचे शेवटचे दीड मीटर हे नंतर टाकलेल्या सिमेंटचे, आणि तिथे चढ पाचाला एक, ११.३ अंश. माथा ओलांडला की रस्त्याच्या बाजूला पंचवीसला एक असा हलका उतार, २.३ अंश, आणि मग रस्ता. म्हणजे माथ्यावर गाडीला ज्या कोपऱ्यावरून जायचं तो एकूण १३.६ अंशांचा, आणि तो गोल केलेला नाही, थापीने ओढलेली सरळ कड आहे.

शेजारचे काका मापं बघायला आले होते, म्हणाले, "अरे आठ न् अकरा अंशात एवढा काय फरक पडतो?" फरक चढाच्या अंशाने पडत नाही, चढ बदलतो त्या अंशाने पडतो. गाडी १५ अंशाच्या लांबलचक घाटावरून मजेत जाते, कारण चारही चाकं एकाच उतारावर असतात आणि पोटाखालची जागा जशीच्या तशी राहते. जागा खाल्ली जाते ती फक्त जिथे उतार मोडतो तिथे.

१८ नोव्हेंबर

आता गाडी. ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिमी. व्हीलबेसवर विश्वास ठेवायला हरकत नाही, क्लिअरन्सच्या आकड्याबद्दल मात्र दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. एक तर तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आणि दुसरं म्हणजे तो गाडीच्या सगळ्यात खालच्या बिंदूचा असतो, तो बिंदू कुठे आहे हे आकडा सांगत नाही. तोच बिंदू चाकाजवळ असेल तर माथ्यावर त्याचा फारसा त्रास नाही, दोन चाकांच्या बरोबर मध्ये असेल तर सगळा त्रास तिथेच. म्हणून जीपसारख्या गाड्यांमध्ये मागच्या डिफरन्शियलचा गोळा खाली आलेला असतो तरी पोट वर असतं. मारुती जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिमी आणि ब्रेकओव्हर २४ अंश दिलाय, नुसता २१० धरून हिशोब केला तर १८ च्या आसपासच येतो, कारण तो २१० मध्यावरचा नाही.

आमच्या गाडीत मध्यावर एक्झॉस्टचा जोड आहे. सपाट फरशीवर गाडी उभी करून खाली फळी सरकवली, फळीखाली टाइलचे तुकडे एकेक वाढवत गेलो आणि जिथे अडली तिथलं माप घेतलं. रिकाम्या गाडीला १६०. म्हणजे ब्रोशरपेक्षा ५ मिमी कमी, एक्झॉस्ट ज्या रबरांवर टांगलेला असतो ती रबरं जुनी होऊन ताणली आहेत. मग चार मोठी माणसं बसवली, डिकीत दोन बॅगा, गाडी थोडी पुढेमागे हलवून सस्पेन्शन बसू दिलं आणि परत मोजलं, १२२. एकदम ३८ मिमी गेले! हाच आकडा खरा, कारण घासतं ते कुटुंब घेऊन बाहेर पडताना.

संध्याकाळी ब्रेकओव्हर अँगलचा हिशोब. शीटमध्ये एकच ओळ पुरते, आधी मध्यावरची उंची मग व्हीलबेस :

```
=DEGREES(2*ATAN(2*160/2600))
=DEGREES(2*ATAN(2*122/2600))
```

पहिलं १४.० अंश, दुसरं १०.७. आणि माथा १३.६ चा. रिकामी गाडी जेमतेम सुटते, भरलेली घासणारच, अगदी गोगलगायीच्या चालीने नेली तरी घासणार, कारण हा वेगाचा प्रश्नच नाही.

ज्यांना अंश आणि ते अॅटॅन वगैरे नको त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे आणि कमिटीला मी हाच दाखवणार आहे. माथ्याच्या दोन्ही बाजूंचे उतार दशांशात लिहायचे, बेरीज करायची, व्हीलबेसने गुणायचं आणि चारने भागायचं. इथे पाचाला एक म्हणजे ०.२०, पंचवीसला एक म्हणजे ०.०४, बेरीज ०.२४, गुणिले २६०० भागिले ४ = १५६ मिमी. एवढी जागा माथा पोटाखालून खातो. रिकाम्या गाडीकडे १६० आहे, भरलेलीकडे १२२. चारने भागायचं कारण पोट सगळ्यात जास्त अडकतं ते माथा बरोबर दोन चाकांच्या मध्ये आला की.

२० नोव्हेंबर

वरचा हिशोब प्रत्यक्षात पडताळला. घरून कणकेचे गोळे आणले, माथ्यावर मध्यरेषेत ओळीने लावले आणि रिकामी गाडी अगदी सावकाश वरून नेली. गोळे चेपून जी जाडी उरली तीच पोटाखाली सुटलेली जागा. सगळ्यात पातळ गोळा ३ मिमी उरला, हिशोबाने ४ यायला हवा होता. म्हणजे मापं बरोबर आहेत. चार माणसं बसवून करून बघायची गरजच नव्हती, घासल्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

तळमजल्यावरच्या एकांची सात सीटर आहे, त्यांचं म्हणणं आमची गाडी एवढी उंच तरी का लागते. तिचा व्हीलबेस २७४० आहे. ०.२४ गुणिले २७४० भागिले ४, १६४ मिमी. लांब गाडीखाली माथा जास्त वर येतो, त्यात सात माणसं बसली की १८० चा क्लिअरन्स १४० वर येतो, म्हणजे उंच असूनही घासते. उलट समोरच्या विंगमधली छोटी हॅचबॅक, क्लिअरन्स तेवढाच पण व्हीलबेस २४५०, तिला १४७ लागतात, म्हणून ती एका माणसासह सुटते. उंची एकटी बघून काहीच कळत नाही, उंची आणि लांबी जोडीनेच बघायची.

२३ नोव्हेंबर

नाकाचा मुद्दा कायमचा निकालात काढायचा होता. पुढच्या चाकाच्या पुढच्या बाजूला खाली दोरा टेकवला आणि ताणून बंपरच्या खालच्या कडेला लावला, दोऱ्याला पट्टी आणि पट्टीवर फोन. साडेसोळा अंश. खालच्या तोंडाशी चढ ८ अंश, म्हणजे दुप्पट मोकळीक. वर चढताना प्रश्नच नाही.

पण खाली उतरताना एक गोष्ट होते. रॅम्प संपत आला की सगळे जोरात ब्रेक दाबतात कारण समोर खांब आहे, आणि ब्रेकवर गाडीचं नाक खाली बसतं. भिंतीवर टेप चिकटवून बाजूने व्हिडिओ घेतला तर जोरदार ब्रेकला बंपर साधारण ५ सेंमी खाली येतोय. कड १८० वरून १३० वर आली की अॅप्रोच अँगल साडेसोळाचा बारा होतो. आमच्या ८ अंशांच्या तोंडाला तेही चालतं. पण ज्यांच्याकडे तोंडाशीच पाचाला एक चढ आहे त्यांचे ११.३ आणि हे १२ यात काहीच अंतर उरत नाही, वर माणसं बसलेली असली तर नाक लागणारच. अशा ठिकाणी ब्रेक रॅम्पवरच आधी मारून वेग कमी करायचा आणि नेमकं चाक सपाटीवर यायच्या वेळी पाय उचलायचा, नाक वर येतं आणि गाडी सुटते.

२४ नोव्हेंबर

आतल्या रस्त्यावरचा स्पीड ब्रेकर. हाही याच वहीत घेतोय कारण तक्रार तीच, गणित मात्र वेगळं. हा उरलेल्या काँक्रीटचा केलाय, १५० मिमी उंच आणि जेमतेम ६० सेंमी रुंद. इथे गाडीची चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि ब्रेकर मधोमध, अशी स्थिती येते. मग चारने भागणं वगैरे काही नाही, १५० च्या १५० मिमी थेट पोटाखालून जातात. भरलेल्या गाडीकडे १२२. शिवाय पुढचं चाक ब्रेकरवरून धपकन उतरतं तेव्हा स्प्रिंग दाबली जाते आणि पुढचा भाग आणखी खाली जातो, त्यामुळे इथे इंजिनखालच्या ऑइल चेंबरची मागची बाजू आधी लागते. गॅरेजवाल्याने अशा ब्रेकरमुळे फुटलेली ऑइल चेंबरं दाखवली मला, ते बघून चीड येते, कारण ब्रेकरचा हेतू वेग कमी करणं हा असतो, गाडी फोडणं नाही.

याला तयार माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये गोल ब्रेकरचा आकार दिला होता, त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी, आणि वेग ताशी २५ किमीच्या आसपास राहावा अशा हिशोबाने. ३.७ मीटर ऐकून मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढा रुंद? हा काय ब्रेकर झाला?" पण सगळी खुबी त्या रुंदीतच आहे. रुंदी व्हीलबेसपेक्षा जास्त असल्यामुळे पोट माथ्यावर येतं तेव्हा चारही चाकं ब्रेकरच्याच अंगावर चढलेली असतात, गाडी स्वतःच उचलली गेलेली असते. गोल आकाराला व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, २.६ × २.६ ÷ १३६, जवळजवळ ५० मिमी. १०० मिमी उंच ब्रेकर पोटाखालची फक्त ५० मिमी जागा घेतो! आणि कडेचा चढ ६ अंशांचा, आत्ताच्या ब्रेकरची कड ५० अंशांच्या वर उभी आहे.

काही जण सांगतात ब्रेकर तिरका घ्यायचा. रॅम्पच्या तोंडाशी तिरकं घेऊन नाक वाचतं हे खरं, कारण तिरक्या दिशेने चढ कमी होतो. अरुंद ब्रेकरवर मात्र कागदावर चाकं मांडून बघितली, ट्रॅक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५ मीटर आणि व्हीलबेस २.६, ४५ अंशात घेतलं तरी गाडीचा मध्य ब्रेकरवर येतो तेव्हा एकही चाक ब्रेकरवर नसतं. म्हणजे पोटाला काही उपयोग नाही. त्यासाठी ६० अंश तिरकं जावं लागेल, तेवढा रस्ता कुणाकडे असतो.

३० नोव्हेंबर

गाडीच उंच करता येईल का हे पण तपासलं, कारण कमिटीत कुणीतरी विचारणारच. स्प्रिंगखाली स्पेसर टाकून १५ ते २० मिमी मिळतात असं मेकॅनिक म्हणाला. १२२ चे १४२ झाले, लागतात १५६. तरीही घासतंच, आणि गाडीचा तोल, अलाइनमेंट, ड्राइव्ह शाफ्टचा कोन हे सगळं बिघडवून. एक्झॉस्टची रबरं मात्र मी बदलून घेतली, स्वस्त काम आहे आणि गेलेले ५ मिमी परत आले. बाकी इलाज रॅम्पवरच करावा लागणार.

१ डिसेंबर

मुख्य अडचण ही की माथ्याची लेव्हल खाली आणता येत नाही. माथा रस्त्यापेक्षा ६ सेंमी वर आहे म्हणूनच पाणी बाहेर राहतं. रस्त्याच्या बाजूला भर घालायची तर ती जागा आपली नाही. म्हणून फोडायचं नाही, आतल्या बाजूने भरायचं.

रॅम्प डिझाइन करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे, चढ एकदम बदलू द्यायचा नाही, मध्ये अर्ध्या चढाचा सुमारे अडीच-तीन मीटरचा टप्पा घालायचा. व्हीलबेसपेक्षा टप्पा फार आखूड झाला तर उपयोग राहत नाही, दोन्ही कोपरे एकाच वेळी गाडीखाली येतात. आम्ही माथ्यापासून आत २.४ मीटर दहाला एक चढ धरला, आणि तिथून खाली सरळ रेषा ओढून माथ्यापासून ७ मीटरवर जुन्या रॅम्पला मिळवली. त्या भागाचा चढ थोडा वाढतो, ०.१८४ होतो, साधारण साडेपाचाला एक.

आता माथ्यावर ०.१० अधिक ०.०४, गुणिले २६०० भागिले ४, ९१ मिमी. दुसऱ्या कोपऱ्यावर ०.०८४ चा बदल, ५५ मिमी. भरलेल्या गाडीकडे १२२ म्हणजे ३१ मिमी शिल्लक. सात सीटरला ९६ लागतात, तिच्याकडे १४०. छान!

भर सगळ्यात जास्त २.४ मीटरवर येते, १९ सेंमी. लगेच वरची तुळई आठवली, कारण भर घातली की डोक्यावरची उंची तेवढीच कमी होते. तुळई माथ्यापासून ६ मीटरवर आहे, तिथे भर फक्त ४ सेंमी. चालेल. काँक्रीट दोन घनमीटरच्या थोडं वर.

८ डिसेंबर

काम सुरू. मिस्त्रींनी जुन्या पृष्ठभागाला टाचे मारले, धुऊन सिमेंटचा घोळ लावला, मग भर. एका बाबतीत मी अडून बसलो होतो, दोन्ही टोकांना भर शून्यावर येते आणि अशी पातळ कड चाकाखाली काही महिन्यांत पापुद्र्यासारखी निघते, म्हणून दोन्ही टोकांना जुनं काँक्रीट ५ सेंमी खोल आडवं कापून घेतलं, नवीन काँक्रीट त्या खाचेत बसलं. वर आडव्या खाचा, चाकं घसरू नयेत म्हणून. माथ्याची कडही थापीने सरळ न ओढता हात-दीड हातात गोलसर करून घेतली. गोणपाट टाकून पाणी मारायचं काम वॉचमनने मनापासून केलं. रॅम्प एकाच गाडीच्या रुंदीचा, त्यामुळे दोन आठवडे सगळ्या गाड्या बाहेर, त्यावरून बोलणी बसली पण ते ठरलेलंच होतं.

२२ डिसेंबर

रॅम्प सुरू. चार माणसं, डिकीत बॅगा, कणकेचे गोळे परत माथ्यावर. सगळ्यात पातळ गोळा ३५ मिमी. हिशोबात ३१ होते, त्यात नवीन रबरांचे ५ धरले की बसतं. दुसऱ्या कोपऱ्यावर गोळ्यांना पोट शिवलंच नाही. सात सीटरवाल्यांनी पूर्ण कुटुंब बसवून गाडी काढली, आवाज नाही. ते खाली उतरून वाकून बघत होते.

५ जानेवारी २०२५

ब्रेकरचं काम. जुना पूर्ण फोडला. प्लायवूडचा साचा केला, मिस्त्रींना त्रिज्या वगैरे सांगण्यापेक्षा मध्यापासूनच्या उंच्या लिहून दिल्या : मध्यावर १०० मिमी, अर्ध्या मीटरवर ९३, एक मीटरवर ७१, दीड मीटरवर ३४, आणि १.८५ वर रस्त्याला मिळालं पाहिजे. साचा फिरवत काँक्रीट ओढलं की गोलाई आपोआप येते. ज्यांच्याकडे ३.७ मीटर जागाच नाही त्यांनी बोल्टने बसणारा ५० मिमीचा रबरी पट्टा लावावा, धक्का जास्त बसतो पण भरलेल्या गाडीच्या १२२ मधून तो निघून जातो. ७५ चा पट्टा वेगात घेतला आणि स्प्रिंग दबली तर मात्र अंतर फार थोडं उरतं.

रंगाचे पट्टे आणि ब्रेकरच्या आधी बोर्ड उद्या. पावसाळ्यात माथ्यावरून पाणी येतंय का ते जूनमध्ये बघून इथेच लिहीन. माथ्याची लेव्हल नळीने परत तपासली आहे, रस्त्यापेक्षा ६ सेंमी, आधी होती तेवढीच.